बिनतारखेची बातमी

आमच्या ऑफिसात ताजेसाहेबांचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला माहीत होतं. ताजेसाहेब हे नाव कँटीनवाल्याने ठेवलेलं, आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. ब्रेडचं पाकीट समोर आलं की हे चष्मा कपाळावर चढवून ते उलटं करणार आणि ओठ हलवत तारीख वाचणार. तारीख उद्याची असली तरी पाकीट परत. दुधाच्या पिशवीला नाक लावणार, दह्याचं झाकण उघडून आधी कडेचा रंग बघणार. एकदा बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख पुसट झाली होती. त्यांनी पुडा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की ज्या मालावर तारीख नाही तो माल विकणारा माणूस लबाड असतो. मी शेजारच्या टेबलावर चहा पीत होते, म्हणून हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

आणि हाच माणूस आमच्या वेबसाइटवरच्या तारखा झाकण्याचं काम करायचा. ते त्याचं पोटापाण्याचं काम होतं आणि त्यात तो वाकबगार होता.

आमची साइट बातम्यांची. टायरच्या दुकानावरचा तिसरा मजला, अरुंद जिना, जिन्यात रबराचा वास. मी तिथे मजकूर तपासायची. लोक मला ताई म्हणायचे आणि माझ्या जिभेला थोडे घाबरायचे, ते बरंच होतं. ताजेसाहेबांचं टेबल खिडकीशी. टेबलावर धुळीचा कण नाही, हात पुसायच्या द्रावणाची बाटली कायम हाताशी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या काळजीने या माणसाचा जीव खालीवर होतोय. कुणाच्या आईची तब्येत, कुणाच्या मुलाचा दहावीचा निकाल, सगळं यांच्या लक्षात. मला सुरुवातीला ते आवडायचे. पुढे त्यांचा तो मऊ आवाज कानावर आला की मी खुर्ची फिरवून बसायची, पण ते पुढे.

त्यांचं काम होतं सर्चचं. लोक सर्चमध्ये काहीतरी विचारतात, समोर दहा-बारा पानांची नावं येतात, प्रत्येक नावाखाली दोन ओळी. त्या ओळींच्या सुरुवातीला बरेचदा तारीख असते. माणूस त्या दोन ओळी वाचतो आणि कुठे बोट ठेवायचं ते ठरवतो. ते बोट आमच्या पानावर पडावं यासाठी ताजेसाहेबांना ठेवलेलं.

आमच्याकडे बातम्यांखेरीज ‘शिकून घ्या’ नावाचा एक विभाग होता. गळक्या नळाचा वॉशर कसा बदलावा, टायची गाठ कशी बांधावी, शर्टावरचा शाईचा डाग कसा काढावा, असले धडे. वर्षानुवर्षं लोक ते वाचायचे. ताजेसाहेबांनी बैठकीत दाखवलं की वॉशरचा आपला धडा सगळ्यांत चांगला आहे, पण सर्चमध्ये त्याच्यापुढे सहा वर्षांपूर्वीची तारीख दिसते. लोक म्हणतात, हे जुनं झालं, आणि खालच्या कुठल्यातरी भंगार पानावर जातात. वॉशर काय सहा वर्षांत बदलतो का, असं त्यांनी विचारलं. बदलत नाही. त्यांचं बरोबर होतं, आणि मी तिथेच तसं म्हटलं. ज्या गोष्टीला वय नाही तिच्या गळ्यात जन्मतारीख कशाला अडकवायची?

मग त्यांनी ‘शिकून घ्या’चा साचाच बदलून घेतला. मथळ्याखाली दिसणारी तारीख काढली. पानाच्या पोटात सर्चच्या यंत्राला वाचता यावं म्हणून एक लेबल असतं, त्यात पान कधी प्रसिद्ध झालं आणि कधी अपडेट झालं हे लिहिलेलं असतं, तेही काढलं. सर्चला पाठवायच्या पानांच्या यादीतूनही तारखा गेल्या. तरी लगेच काही झालं नाही, कारण सर्चवर आपला हुकूम चालत नाही. ते यंत्र सवडीने येतं, पान पुन्हा वाचतं, आणि कुठली तारीख दाखवायची, दाखवायची की नाही, हे त्याचं तेच ठरवतं. पण काही आठवड्यांत वॉशरच्या पुढची तारीख गळाली, टायच्या पुढची गळाली, आणि वाचक वाढले. संपादकांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. ताजेसाहेबांनी कपाचं झाकण उलटून तारीख वाचली आणि मग खाल्लं.

बातम्यांच्या विभागात तारखा तशाच राहिल्या. मथळ्याखाली तारीख, वेळ, आणि लेबलातही तीच. बातमीची तारीख काढणं म्हणजे मृताला जिवंत म्हणून नाचवणं, असं मी बैठकीत म्हटलं होतं आणि ताजेसाहेबांनी सगळ्यांत जोरात मान डोलावली होती. मला त्या मानेचा राग नंतर आला. थोडक्यात, पान कुठल्या विभागात आहे यावर सगळं ठरत होतं. बातम्यांत असेल तर तारीख, ‘शिकून घ्या’त असेल तर नाही. आणि पान या खणातून त्या खणात टाकायला एक क्लिक पुरत होता.

शिकून घ्यायच्या गोष्टी काही रोज नव्या होत नाहीत. धडे संपले, वाचकांचा आकडा एका जागी थांबला. तेव्हा ताजेसाहेबांची नजर जुन्या बातम्यांकडे वळली. काही बातम्यांच्या शेवटी आम्ही सल्ल्याची चौकट द्यायचो. लिफ्ट बंद पडल्याची बातमी, खाली ‘लिफ्टमध्ये अडकलात तर’. आगीची बातमी, खाली ‘गॅसचा वास आला तर’. त्या चौकटींमुळे ही पानं सर्चमधून अजून वाचली जात होती. ताजेसाहेबांनी सल्ला सापडणाऱ्या बातम्यांची रांग लावली आणि एका दुपारी सगळ्या उचलून ‘शिकून घ्या’त टाकल्या. वाचल्या नाहीत. वाचायची त्यांना गरजच वाटली नाही, ते काम माझ्यासारख्यांचं. सल्ल्याची चौकट तेवढी तोडून तिचा वेगळा धडा करता आला असता, पण त्याला कष्ट पडतात. यांनी शिळ्या कढीला ऊत आणायचा सोपा मार्ग शोधला.

त्या रांगेत नऊ वर्षांपूर्वीची एक बातमी होती. एका पाळणाघरातल्या मुलांना उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मथळ्यात पाळणाघराचं नाव आणि ‘विषबाधा’. चौकशीत निघालं की रस्त्यातला मोठा पाइप फुटून पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं, गल्लीतल्या सगळ्याच घरांत ते पाणी आलं होतं, पाळणाघराचा काही दोष नव्हता. ती दुसरी बातमीही आम्ही दिली होती, पण तिच्या शेवटी सल्ला नव्हता, म्हणून ती आपल्या जागी धूळ खात पडली. पहिल्या बातमीच्या शेवटी ‘मुलांना उलट्या झाल्या तर काय करावं’ अशी चौकट होती. ती ‘शिकून घ्या’त गेली आणि तिची तारीख गेली.

आता यातली खरी गोम. पानावरची मोठी तारीख काढताना खालच्या प्रतिक्रियांच्या तारखा काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वॉशरच्या पानावर कोण प्रतिक्रिया लिहितो? पण उलट्यांच्या पानावर एका बापाने नुकतंच लिहिलं होतं, ‘उपयोगी माहिती, आमच्या बाळाला फरक पडला’, आणि त्याच्यापुढे त्या दिवसाची तारीख. सर्चचं यंत्र आलं, त्याने मथळ्याखाली तारीख शोधली, मिळाली नाही. लेबलात शोधली, मिळाली नाही. मग पानावर जी एकुलती एक तारीख दिसली ती त्याने उचलली. सर्चमध्ये दोन ओळी दिसायला लागल्या: ३ दिवसांपूर्वी, अमुक पाळणाघरात मुलांना विषबाधा.

आणि हे शाळा-पाळणाघरांच्या प्रवेशाच्या हंगामात. नव्या आया पाळणाघराचं नाव फोनमध्ये टाकायच्या आणि पहिल्याच ओळीला दुसरं पाळणाघर शोधायला लागायच्या. पान उघडून शेवटपर्यंत कोण वाचतं? आणि उघडलं तरी आत तारीख नव्हतीच.

पाळणाघर चालवणाऱ्या मावशी ऑफिसात आल्या त्या दिवशी जिना चढून त्यांना धाप लागली होती. साठीच्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी, खांद्यावर ओढणीसारखा टाकलेला लहान मुलाचा टॉवेल, तो काढायचाही राहिलेला. त्यांनी दाराशी ताजेसाहेबांचंच नाव घेतलं, खरं नाव, त्यामुळे ऑफिसातल्या पोरांना आधी कळेना कोण हवंय. त्या दुसऱ्या कुणाकडे आल्या नाहीत याला कारण होतं. ताजेसाहेबांचा नातू त्यांच्याकडेच असायचा. रोज सकाळी आजोबाच त्याला सोडायचे. तो दीड वर्षाचा होता आणि मावशींच्या मांडीशिवाय त्याला झोप लागत नसे.

मला वाटलं, आता साहेबांच्या तोंडचं पाणी पळणार. पण नाही. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघ्यांची चौकशी केली. मावशींनी फोन पुढे केला. नऊ मुलं या पंधरवड्यात काढून नेली, नवीन एकही आलं नाही, एक आई दारातूनच ओरडून गेली, हे त्यांनी धापा टाकत सांगितलं. बावीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळलेल्या बाईला असं कुणी बोललं नव्हतं. पाळणाघर त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत होतं. मागच्या खोलीत त्या राहायच्या. मुलं गेली तर भाड्याच्या त्या तिन्ही खोल्या सोडायच्या आणि गावाकडे भावाच्या दारात जाऊन बसायचं, एवढाच हिशेब होता.

ताजेसाहेबांनी फोन बघितला आणि मान हलवत म्हणाले, “मावशी, ही तारीख आम्ही लावलेलीच नाही. आमच्या पानावर तारीखच नाही, बघा तुम्ही. ती सर्चवाले लावतात. त्यांच्यावर आमचा काय अधिकार?”

एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मला त्याची जास्त शिसारी आली. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता तरी येतं. हा माणूस खऱ्याच्या आड असा बसला होता की त्याला कुठून धरावं ते कळेना. कानावर हात ठेवायचे तेही इतक्या अदबीने, की मावशींनीच त्यांना म्हटलं, तुमचा दोष नाही हो, मी आपली सांगायला आले. त्यांनी बघतो म्हटलं. मावशींनी पिशवीतून नातवाचा विसरलेला एक मोजा काढून दिला. साहेबांनी तो खिशात ठेवला आणि मग बाटलीतल्या द्रावणाने हात पुसले.

मी मावशींना जिन्यापर्यंत पोचवलं आणि टायरच्या वासात उभं राहून सगळं सांगितलं. सर्चने तारीख उचलली हे खरं, पण आम्ही खरी झाकली म्हणून त्याने खोटी उचलली. खरी परत लावली की काही दिवसांत ते यंत्र पुन्हा येईल आणि सुधारेल. मावशींनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “त्यांना हे माहीत नव्हतं?” मी म्हटलं, माहीत असणार, त्यांचं कामच ते आहे. त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

आठवडा गेला तरी पान होतं तिथेच. सोमवारी बैठक होती. ताजेसाहेबांनी पडद्यावर महिन्याचे आकडे दाखवले आणि सर्वांत वर चढलेलं पान कुठलं, तर उलट्यांचं. त्यांनी त्यावरून हातातल्या पॉइंटरचा लाल ठिपका फिरवला. हे कसं झालं ते त्यांनी शोधून काढलं होतं. प्रतिक्रियेची तारीख उचलली गेली, पान ताजं दिसलं, वाचक धावले. म्हणून आता सल्ल्याच्या सगळ्या पानांखाली प्रतिक्रिया मुद्दाम मागवाव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. ते हे मावशी येऊन गेल्यानंतर बोलत होते, त्याच मऊ आवाजात, आणि खोलीतली निम्मी पोरं वहीत टिपून घेत होती. माझ्या तोंडात कडू पाणी आलं. ओकारी येण्याआधी येतं तसं.

मी उठून सांगितलं की ही नऊ वर्षांपूर्वीची बातमी आहे, पाळणाघर निर्दोष ठरलं आहे, आणि आपल्यामुळे एका बाईचं घर उठायला आलंय. नळाचा वॉशर आणि माणसाची अब्रू एकाच खणात ठेवता येत नाही. धड्याला तारीख नसली तर वाचकाचं फार तर थोडं बिघडेल. बातमीला तारीख नसली की ती अफवा होते.

ताजेसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, मनाला लावून घेऊ नका. आपण खोटी तारीख लिहिलेली नाही. आपण फक्त लिहिली नाही.”

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते यालाच. संपादक भला माणूस, पण कणा आकड्यांच्या बाजूने वाकणारा. तो म्हणाला, बाकीच्या पानांचं तिमाही संपल्यावर बघू, ताईंच्या समाधानासाठी ते एक पान परत बातम्यांत टाका. ताईंच्या समाधानासाठी. जणू मी मुरंब्यासाठी हट्ट धरून बसलेलं पोर होते.

पान बातम्यांत परतलं. त्याच दिवशी. मी घरी जाताना समाधानाने जिना उतरले, आणि पुढच्या आठवड्यात सर्चमध्ये बघते तर तिथे आदल्याच दिवसाची तारीख. आगीतून फुफाट्यात. मी पान उघडलं. मथळ्याखाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती, बारीक, फिकट. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘अपडेट’ आणि कालचा दिवस. लेबलातही तसंच. पानात नवीन काय आहे ते मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून शोधलं. शोधायला वेळ लागला, कारण चौकटीतल्या एका वाक्यात एक स्वल्पविराम वाढला होता, एवढंच.

मी त्यांच्या टेबलाशी गेले. तिथे आवाज चढवला नाही, कारण चढवला असता तर मी काय बोलले असते ते मला माहीत नाही. त्यांना विचारलं, एका स्वल्पविरामाने बातमी अपडेट होते का. ते म्हणाले, बदल तो बदल, आणि तुम्हाला तारीख हवी होती ना, आता दोन आहेत. आणि हसले. डोळा मारल्यासारखे हसले, जणू हा आम्हा दोघांतला एखादा विनोद होता. असल्या फसव्या ताजेपणाला सर्चवालेही वाईट म्हणतात, मजकुरात खरा बदल नसेल तर अपडेटची तारीख लावू नये असं ते स्वतः सांगतात, हे मला त्यांनीच पूर्वी कधीतरी शिकवलं होतं. मी त्याची आठवण दिली. ते म्हणाले, बघतो.

त्यांचं बघणं मला आता पाठ झालं होतं. मी थेट साइट सांभाळणाऱ्या मुलीकडे गेले, संपादकाची परवानगी आहे असं सांगितलं, आणि ती होतीही, त्या एका पानापुरती. आम्ही दोघींनी ‘अपडेट’ काढलं. मथळ्याखाली जुनी तारीख ठळक केली, वेळेसकट, लेबलात तीच. प्रतिक्रियांच्या तारखा झाकल्या. मथळ्याच्या खालीच एक ओळ टाकली की चौकशीत पाळणाघर निर्दोष ठरलं, आणि त्या दुसऱ्या बातमीचा दुवा दिला. मग सर्चला पान पुन्हा वाचून जायची विनंती पाठवली. विनंतीच ती. ते यंत्र कुणाच्या पोटापाण्याकडे बघून पळत येत नाही.

रोज सकाळी मी डोळे चोळत फोनवर पाळणाघराचं नाव टाकायची. काही दिवस तेच खोटं ताजेपण. मग एका सकाळी तारीख बदललेली दिसली. नऊ वर्षांपूर्वीचा दिवस, महिना, साल, आणि पुढे ती निर्दोष असल्याची ओळ. मला इतकं हलकं वाटलं की ऑफिस सुटल्यावर बस बदलून मी मावशींकडे गेले.

गल्ली अरुंद, गटारावर नवी फरशी. पाळणाघराच्या दाराला खालच्या अंगाला मुलांच्या हातांचे डाग, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. आत भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या छोट्या गाद्या, खुंट्यांवर एकही पिशवी नाही. मावशी जमिनीवर बसून चादरींच्या घड्या घालत होत्या. मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, तारीख वाचली, आणि बरं झालं म्हणाल्या. वरातीमागून घोडं, हे त्या म्हणाल्या नाहीत, मीच मनात म्हटलं. खोल्या त्यांनी महिनाअखेरीस सोडायचं कळवून टाकलं होतं. भाऊ न्यायला येणार होता. मी म्हटलं, थांबा, आता आया विचारतील, आता खरं दिसतंय. त्यांनी चादर झटकली आणि म्हणाल्या, सगळ्यांनी दुसरीकडे घातलं, ताई, आता हे वर्ष गेलंच.

मग मी विचारलं की शेवटपर्यंत कोण होतं. विचारायला नको होतं. त्या म्हणाल्या, साहेबांचा नातू. इतर गेले तरी तो होता, दोन दिवस तर तो एकटाच, या एवढ्या खोलीत चेंडू खेळायचा. मग साहेबांच्या सुनेने फोनवर त्या बातमीपुढे आदल्याच दिवसाची तारीख बघितली आणि हंबरडा फोडला. न्यायला आजोबाच आले. मुलाची बाटली, उशी, कपडे, सगळं त्यांनी नीट मोजून पिशवीत भरलं.

“मी त्यांना म्हटलं, साहेब, ते जुनं आहे हे तुम्हाला तर माहीत आहे. तुम्ही सांगा ना सुनेला,” मावशी म्हणाल्या. “तर म्हणाले, सांगितलं असतं हो मावशी, पण मग ती विचारेल, बाबा, तुम्हाला कसं माहीत.”

मूल मावशींच्या मानेला चिकटून बसलं होतं, सोडवता सोडवता साहेबांचा चष्मा पडला. चष्मा फुटला नाही, असं मावशींनी मला मुद्दाम सांगितलं. त्यांना त्याही क्षणी त्या माणसाच्या चष्म्याची काळजी होती. मी त्यांच्याबरोबर चार चादरींच्या घड्या घातल्या. 

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ती दात आवळून. काय बोलायचं ते जिन्यातच ठरवलं होतं. पण माझ्याआधी तेच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले. नातू रात्रभर रडतो, कुणाकडे राहत नाही, सून नोकरीवर रजा टाकून बसलीय, असं त्यांनी सांगितलं. आवाज खरोखरच्या दुःखाने मऊ झाला होता. मी इतके दिवस त्या मऊपणाला ढोंग समजत होते, पण ते ढोंग नव्हतं, आणि त्याने माझी किळस कमी झाली नाही, वाढली.

“ताई, तुम्हाला गावातलं सगळं माहीत असतं. एखादं चांगलं पाळणाघर आहे का हो तुमच्या ओळखीत? जुनं, खात्रीचं?”

मी मावशींचं नाव सांगितलं.

“अहो, ते बंद झालं की,” ते म्हणाले.